डोळा फिरवला की कानात आवाज: ऑपरेशनची तारीख आधी पुढे ढकला

एका वाचक ताईंचं पत्र (नाव-गाव गाळून):

«डॉक्टर, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली, वय 42. घरची पिठाची गिरणी आहे. दीड वर्ष झालं, गिरणी सुरू झाली की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली सरकतं, वाकडं होतं, अन् मला खांब धरावा लागतो. वरातीतला डीजे जवळून गेला तरी तेच. पाण्याचा हंडा उचलला, शौचाला जोर केला की गरगरतं. आणि सांगायची लाज वाटते, पण रात्री सामसूम झाल्यावर डोळे इकडून तिकडे फिरवले की डाव्या कानात घासल्याचा आवाज येतो. माझं बोलणं मलाच घुमून ऐकू येतं, चालताना टाच कानात वाजते. आधी मानेचा मणका सांगितला, पट्टा लावला, चक्करच्या गोळ्या अजून चालू आहेत. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. आता कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानातलं बारीक हाड घट्ट झालंय, ते बदलावं लागेल. पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. डोळ्यांचं त्यांना सांगितलंच नाही, वेडी समजतील म्हणून. सासूबाई म्हणतात बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून आणू. ऑपरेशन करू का? की माझ्या डोक्यातच बिघाड आहे? तपासणीच्या कागदाचा फोटो जोडलाय.»

ताई,

आधी तारखेचं बोलू. ती पुढे ढकला. हाड घट्ट होण्याच्या आजारात ऑपरेशनची घाई कधीच नसते, दोन-तीन महिने थांबल्याने कानाचं काही बिघडत नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं निदान बरोबर निघालं तरी तुमचं नुकसान नाही, आणि चुकीचं निघालं तर एक नको असलेलं ऑपरेशन टळेल. ते चुकीचं असावं असं मला का वाटतं, ते सांगते.

जी गोष्ट तुम्ही लाजेपोटी दडवली, तीच तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची आहे. मोठा आवाज झाला की चक्कर, जोर लावला की चक्कर, आणि स्वतःच्या डोळ्यांची हालचाल कानात ऐकू येणं, ही तिन्ही एका माणसात एकत्र आली की कानाच्या डॉक्टरच्या मनात एकच नाव यायला हवं: सुपिरिअर कॅनॉल डिहिसन्स. साध्या मराठीत, आतल्या कानाच्या वरच्या नळीवरचं हाड उघडं पडणं.

आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी भरलेलं असतं आणि डोकं हललं की ते पाणी हलतं. यातली वरची नळी मेंदूच्या अगदी खाली असते, मधे हाडाचा पातळ पापुद्रा. काही जणांमध्ये तो पापुद्रा लहानपणी नीट जाड होतच नाही, आणि पुढे चाळिशीच्या आसपास कधीतरी डोक्याला मार लागून, जोराचा ताण पडून किंवा कशानेच नाही असं वाटावं इतक्या हळू, तिथे भोक पडतं. भोक एवढंसंच, काही मिलिमीटरचं. पण त्याने कानाचं सगळं गणित बदलतं.

तुमच्याकडे ठिबक असेल तर हे लगेच कळेल. ठिबकच्या नळीला मधेच भोक पडलं की पाणी तिथूनच निसटतं आणि शेवटच्या झाडाला दाब पुरत नाही. आतल्या कानाला मुळात दोनच खिडक्या असतात. एकीतून आवाज आत ढकलला जातो, दुसरी तेवढीच बाहेर फुगते. नळीवरच्या भोकाने तिसरी खिडकी तयार होते. मग बाहेरून आलेल्या आवाजाचा जोर, त्यातही जाड, ढोलासारख्या आवाजाचा, शंखाकडे न जाता तोलाच्या नळीकडे वळतो. नळीतलं पाणी हलतं आणि मेंदूला वाटतं डोकं हललं. तो लगेच डोळे फिरवतो. तुमचं कॅलेंडर खाली सरकतं ते यामुळे: डाव्या वरच्या नळीला धक्का बसला की डोळे हळूहळू वर जातात आणि गोल वळतात, म्हणून समोरचं सगळं खाली आणि तिरपं गेल्यासारखं दिसतं. साध्या अशक्तपणाच्या किंवा बीपीच्या चकरेत डोळ्यापुढे अंधारी येते, कॅलेंडर वाकडं होत नाही.

हे 1929 साली पिएत्रो टुलिओ नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलं होतं. त्याने त्यांच्या कानातल्या नळ्यांना भोकं पाडली आणि आवाज केला, की कबुतरं मान वळवायची. पण माणसांत हा आजार ओळखायला 1998 उजाडलं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकात हे नव्हतंच, हे लक्षात असू द्या. तुमच्या आधीच्या डॉक्टरांवर राग धरू नका.

आता डोळ्यांचा आवाज. डोळा फिरवणारे स्नायू कवटीच्या हाडाला चिकटलेले असतात, त्यांची बारीकशी सरसर प्रत्येकाच्याच हाडातून कानापर्यंत जाते. तुमच्या-माझ्यात फरक एवढाच की तिसऱ्या खिडकीमुळे हाडातून येणारे आवाज तुमच्या कानात वाजवीपेक्षा मोठे होतात. टाच वाजते ती त्यामुळेच, बोलणं घुमतं तेही त्यामुळेच. कुणाला नाडीचे ठोकेही ऐकू येतात. म्हणजे तुम्हाला नसलेला आवाज ऐकू येत नाही. असलेला आवाज जास्त ऐकू येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टँकर चालवणारे गृहस्थ यायचे. हॉर्न वाजवला की गाडी रस्त्यावरून सरकते असं सांगायचे. मी त्यांच्या मानेचा एक्स-रे काढला, चाळिशीनंतर बहुतेकांच्या मानेत दिसते तेवढी झीज दिसली, आणि मीही मणक्यावर खापर फोडून मोकळी झाले. दीड वर्षाने ते निघता निघता दारात थांबून म्हणाले, “मॅडम, डोळा फिरवला की कानात पॉलिश पेपर घासल्यागत होतंय, हे मी घरीबी सांगितलं नाही.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता मी चकरेच्या प्रत्येक पेशंटला स्वतःहून विचारते: डोळ्यांचा आवाज येतो का? ज्याला येत नाही तो माझ्याकडे वेड्यासारखा बघतो. ज्याला येतो त्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

तुमचा कागद मी नीट पाहिला. त्यात दोन रेघा आहेत, हवेतून ऐकण्याची आणि हाडातून ऐकण्याची. डाव्या कानाला 250 हर्ट्झच्या जाड आवाजावर हवेची रेघ 40 वर आहे, म्हणजे ऐकू कमी येतं. हाडाची रेघ उणे 10 वर आहे. वरच्या, बारीक आवाजांना दोन्ही रेघा जवळजवळ एकत्र येतात. दोन रेघांत असं अंतर दिसलं की शिकवल्याप्रमाणे मनात पहिलं नाव येतं ते घट्ट झालेल्या हाडाचं, म्हणजे ओटोस्क्लेरोसिसचं. डॉक्टरांनी तेच धरलं. पण त्या उणे 10 कडे बघा. शून्य म्हणजे चांगल्या कानाच्या तरुण माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. तुमचा डावा कान हाडातून त्याच्याहूनही बारीक आवाज टिपतोय. घट्ट झालेलं हाड असं करत नाही. ही हाडाची रेघ शून्याच्या वर चढलेली दिसली की थांबून विचार करायचा असतो.

आणि तुमच्या कागदावर एक चौकट रिकामी आहे: रिफ्लेक्स. मोठा आवाज झाला की कानातला एक चिमुकला स्नायू त्या बारीक हाडाला खेचतो. हाड घट्ट असेल तर ते हलत नाही आणि रिफ्लेक्स मिळत नाही. तिसरी खिडकी असेल तर हाड मोकळंच असतं, त्यामुळे रिफ्लेक्स सहसा व्यवस्थित मिळतो. पडद्याचा दाब मोजणाऱ्या मशीनवरच काही मिनिटांत ही तपासणी होते. ती करताना मोठा आवाज कानात सोडतात, म्हणून तुम्हाला क्षणभर गरगरेल, आधी सांगून ठेवा आणि खुर्चीला टेकून बसा. रिफ्लेक्स मिळाला तर ते हाड बदलायचं ऑपरेशन करायला आधारच उरत नाही. जगभरात असे पेशंट आहेत की ज्यांचं ते ऑपरेशन झालं, दोन रेघांतलं अंतर होतं तसंच राहिलं, आणि भोक नंतर कळलं. काहींची चक्कर तर त्यानंतर वाढली.

तेव्हा त्याच डॉक्टरांकडे परत जा. दुसरीकडे पळू नका, त्यांच्याकडेच तुमचा सगळा कागद आहे. त्यांना सरळ म्हणा: “डॉक्टर, मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं. डोळे फिरवले की कानात आवाज येतो. मोठ्या आवाजाने आणि जोर लावल्याने चक्कर येते. रिफ्लेक्स करून बघू या का?” जमलं तर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो वाजणारा चिमटा, पायाच्या घोट्याच्या हाडावर ठेवून बघायला सांगा. घोट्यावरचा आवाज डाव्या कानात ऐकू आला, तर निदानाला मोठा आधार मिळतो. आणि गिरणी सुरू करताना तुमच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ मालकांना मोबाइलवर घ्यायला सांगा, तुम्ही खुर्चीवर बसून, गिरणीपासून लांब. मुद्दाम वारंवार आवाज करून बघायचं नाही, एकदा पुरे.

घुमणाऱ्या आवाजाचं आणखी एक कारण असतं, तेही डॉक्टर विचारतील. नाकातून कानाकडे जाणारी नळी सतत उघडी राहिली तरी स्वतःचं बोलणं घुमतं. पण त्यात स्वतःचा श्वास कानात जोरात ऐकू येतो आणि आडवं झालं की बहुधा बरं वाटतं. तुम्हाला रात्री पडल्यावरच जास्त ऐकू येतं आणि श्वासाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून मी तिकडे झुकत नाही.

यानंतर सीटी स्कॅन. मेंदूचा एमआरआय तुमचा झाला आहे, पण त्यात हाड नीट दिसत नाही. डोक्याचा साधा सीटीही चालत नाही, कारण त्याचे काप जाड असतात आणि हे भोक दोन कापांच्या मधे हरवतं. चिठ्ठीवर ‘टेम्पोरल बोन, हाय रिझोल्यूशन’ असं लिहून घ्या आणि सेंटरवर विचारा की काप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे मिळतील का, आणि वरच्या नळीच्या दिशेने चित्रं तयार करून देतील का. रेडिओलॉजिस्ट त्याला पोश्ल व्ह्यू म्हणतात. एवढे दोन शब्द चिठ्ठीवर असले की काम होतं.

इथे एक सावधगिरी. सीटीत भोक दिसलं म्हणजे आजार ठरला, असं नाही. मृत्यूनंतर जपून ठेवलेली 1000 कानाची हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती, त्यात खरं भोक फक्त 5 हाडांत निघालं, आणखी 14 हाडांत पापुद्रा कागदाइतका पातळ होता. सीटीत मात्र त्याहून जास्त जणांना भोक दिसतं, कारण फार पातळ हाड मशीनला दिसतच नाही, ते भोक म्हणून उमटतं. म्हणून तुमचा त्रास, रेघांचा कागद आणि सीटी या तिघांचं एकमत व्हायला हवं. मोठ्या ठिकाणी वेम्प नावाची तपासणी असते. मानेवर आणि डोळ्याखाली पट्ट्या चिकटवून आवाजाला स्नायू किती प्रतिसाद देतात ते मोजतात, आणि तिसऱ्या खिडकीच्या कानात तो नेहमीपेक्षा कमी आवाजालाच मिळतो. ही सोय सगळीकडे नसते, पण मिळाली तर निदान पक्कं होतं. सीटीत दुसऱ्या कानाकडेही बघायला सांगा, काहींना दोन्हीकडे भोक असतं आणि पुढचा निर्णय त्यावर फिरतो.

समजा निदान ठरलं. मग ऑपरेशन करायलाच हवं का? नाही. ते भोक जिवाला धोका देत नाही, आणि कारण कळल्यावर पुष्कळ लोक सांभाळून वर्षानुवर्षं राहतात. ऑपरेशन असतं ते भोकाचंच: हाडाचा भुगा, स्वतःचाच पातळ पडदा असं काही भरून ती नळी तिथे बुजवतात. एक वाट कानाच्या वरून कवटी उघडून, मेंदू अलगद बाजूला करून. दुसरी कानामागच्या हाडातून. आवाजाने येणारी चक्कर आणि घुमणं यांना त्याने बहुतेकांना चांगला आराम पडतो. पण ती नळी कायमची बंद होते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे चालताना तोल जातो, मेंदू हळूहळू जुळवून घेतो. आणि त्या कानाचं ऐकणं कमी होण्याचा, क्वचित पूर्ण जाण्याचा धोका असतो. दोन्ही कानांत भोक असेल तर फार जपून ठरवावं लागतं. हे ऑपरेशन नेहमीचं नाही, म्हणून करणाऱ्या डॉक्टरांना न लाजता विचारा की तुम्ही अशी किती केलीत आणि त्यांचं ऐकणं कसं राहिलं. खर्चाचं योजनेत बसतं का, ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

माझं मोजमाप साधं आहे: गिरणी, पाणी आणि झोप. सांभाळूनही यातलं रोजचं जगणं अडत असेल तर ऑपरेशनचं बोलायचं. तोवर पुढचं करून बघा.

हंडा उचलताना आपण श्वास कोंडतो, आणि कोंडलेल्या श्वासाचा दाब मेंदूच्या बाजूने त्या भोकावर येतो. म्हणून हंड्याऐवजी कळशी घ्या आणि उचलताना तोंडाने श्वास सोडत उचला. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून रोज रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्या आणि पाणी कमी पिऊ नका. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं म्हणून बाया मोजून पितात, हे मला माहीत आहे, पण तुम्हाला ते परवडणारं नाही. नाक दाबून शिंकरू नका, त्यात दाब दुसऱ्या बाजूने, पडद्याकडून येतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. कपालभाती बंद.

गिरणीत आणि वरातीत डाव्या कानात फोमचा बोळा घाला. रात्री मात्र बोळा घालू नका, त्याने बाहेरचा आवाज बंद होतो आणि आतला, डोळ्यांचा आणि नाडीचा, आणखी मोठा होतो. रात्री पंखा किंवा हलका रेडिओ चालू ठेवा, सामसूम नको.

गोळ्यांनी भोक बुजत नाही. त्यात प्रोक्लोरपेराझिन असेल तर ती महिनोन्‌महिने घेण्याची गोळी नाही, मेंदूची जुळवून घेण्याची ताकद त्याने मंदावते आणि हातपाय जड, थरथरते होऊ शकतात. पाकिटावरचं नाव बघून डॉक्टरांशी बोलून कमी करा. मानेचा पट्टा काढून ठेवायलाही त्यांनाच विचारा.

एक-दोन दिवसांत अचानक एका कानाचं ऐकणं गेलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले किंवा नाका-कानातून पाण्यासारखं गळू लागलं, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना काळजी आहे आणि दिसत काहीच नाही, म्हणून त्या दिसेल ते कारण शोधतात. रिफ्लेक्सच्या दिवशी त्यांना बरोबर न्या. मशीनमधून आवाज सुटला की तुमचे डोळे कसे फिरतात, ते त्यांना समोर बसून बघू द्या. घोट्यावर ठेवलेल्या चिमट्याचा आवाज तुम्हाला कानात येतो आणि त्यांना येत नाही, हे त्यांच्याच पायावर करून दाखवायला डॉक्टरांना सांगा.

आणि मालकांना हे पत्र वाचून दाखवा, त्यातलं हे वाक्य दोनदा: निदान होईपर्यंत गिरणीच्या पट्ट्याजवळ तुम्ही उभं राहायचं नाही. स्विच त्यांनी टाकायचा, तुम्ही तेव्हा ओट्यावर बसून दळणाचे डबे लावायचे. पाणी उपसायला हौदाच्या कडेलाही एकटीने नको. रिफ्लेक्सचा कागद आला की फोटो पाठवा, मी बघते.